गटाचं नाव ठरवायला बसलो तेव्हा

माण तालुक्यातल्या आमच्या गावात उमेद अभियानाचे बरेच महिला बचत गट आधीपासून होते. आम्ही अकरा जणी मात्र कुठल्याच गटात नव्हतो. कुणाची वस्ती लांब पडायची, कुणाच्या घरचे सोडत नव्हते, दोघी-तिघी ऊसतोडीला जाऊन-येऊन असायच्या. गावात अभियानाचे गट बांधायचं काम करणारी सीआरपी ताई घरोघरी फिरली आणि आम्हाला एका ओसरीवर बसवलं. पहिल्या दोन बैठकांत आठवड्याची बचत किती, वार कोणता आणि गैरहजर राहिल्यास दंड किती, एवढं ठरलं. मी बारावीपर्यंत शिकलेली म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर 'समूहाचे नाव' अशी ओळ होती. ती रिकामीच होती.

ताई म्हणाली, "नाव पुढच्या बैठकीत ठरवा, पण घाईत ठरवू नका. ते एकदा बँकेत गेलं की बदलायला फार त्रास होतो." मला वाटलं, नावात काय एवढं? आमच्या गावात गटांची नावं ठरलेली असतात: सावित्रीबाई, जिजामाता, अहिल्यादेवी, रमामाता, महालक्ष्मी. त्यातलंच एखादं उचलायचं.

गावातले सगळे गट मिळून जो ग्रामसंघ होतो, त्याच्या वहीतून ताईने सगळ्या गटांची यादी उतरवून आणली होती. ती वाचून दाखवली तेव्हा कळलं की सावित्रीबाईंच्या नावाचे गट एकट्या आमच्या गावात दोन आहेत. शेजारच्या तीन गावांचे गटही त्याच बँक शाखेला जोडलेले, तिथे आणखी असणार. एकसारख्या नावांमुळे काय होतं ते माझ्या नणंदेच्या गटाने भोगलं होतं. त्यांनी भरलेला कर्जाचा हप्ता त्याच नावाच्या दुसऱ्या गावच्या गटाच्या खात्यात जमा झाला. पावती होती, पण त्यांच्या कर्जखात्यावर थकबाकी दिसत राहिली. हप्ता सापडून परत येईपर्यंत त्यांना नवीन कर्ज मिळालं नाही, आणि एकमेकींत संशय वाढला तो वेगळाच. म्हणून यादीतलं नाव घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम ठरला. सावित्रीबाईंचं नाव सोडताना मला वाईट वाटलं, कारण ते नाव कुणालाच परकं वाटत नाही.

बाकीच्या थोर स्त्रियांच्या नावांबाबत मात्र आमच्याकडे वेगळी अडचण होती. आमच्या अकरा जणींत मराठा आहेत, धनगर आहेत, बौद्ध आहेत, एक मुसलमान भाभी आहे. एकीने "जिजाऊ" म्हटलं की दुसरी गप्प बसायची. दुसरीने "रमाई" म्हटलं की तिसरी हळूच म्हणायची, "मग ह्यो गट त्यांचाच म्हणतील." अहिल्यादेवींचं तसंच. खरं तर या बायकांनी एका जातीपुरतं काहीच केलं नाही. पण गावात गटाचं नाव ऐकलं की लोक वस्ती ओळखतात, आणि वस्तीवरून जात. आम्ही ते नाकारून चालणार नव्हतं. देवाच्या नावांचंही काहीसं तसंच झालं. म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव एका काकूंनी घेतलं. सगळ्यांनी मान डोलावली. भाभीनेही डोलावली, पण तिला विचारल्यावर ती म्हणाली, "मला चालंल की. घरात मात्र इचारतील." ती चांगली होती म्हणून चालवून घेतलं असतं. पण जिला आपल्या घरात गटाचं नाव सांगताना आवाज खाली आणावा लागतो, तिच्यासाठी ते नाव बरोबर नाही, हे तिथे सगळ्यांना पटलं. काकूंनाही.

मग आली 'अर्थपूर्ण' नावं. उत्कर्ष, स्वयंसिद्धा, तेजस्विनी, प्रज्ज्वला. ही नावं सुचवणाऱ्या आम्ही शिकलेल्या तिघीच. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्का आतापर्यंत ऐकत होत्या. ताई म्हणाली, "आक्का, एकदा म्हणून बघा." आक्कांनी 'स्वयंसिद्धा' म्हणायचा प्रयत्न केला, अडखळल्या आणि म्हणाल्या, "मला म्हणायला येत न्हाय. मग बँकेत इचारलं तुझा गट कुठला, तर मी काय सांगू? तुमास्नी बोलवून आणू व्हय?"

तिथून पुढे आमची पद्धत बदलली. नाव कागदावर लिहायच्या आधी ते अकरा जणींनी मोठ्याने म्हणायचं, आणि नुसतं नाव नाही, पूर्ण वाक्य: "मी अमुक-अमुक, या समूहाची सदस्य." कारण ग्रामसंघाच्या बैठकीत ओळख अशीच करून द्यावी लागते. तिथे नवऱ्याचं नाव आधी नाही, आपलं आधी. पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना बऱ्याच जणी लाजल्या, पदर तोंडाला लावला. पण या चाळणीतून जोडाक्षरांची सगळी नावं आपोआप गळाली. 'तेजस्विनी'ला तर आणखी एक कारण होतं. महिला आर्थिक विकास महामंडळाचा कार्यक्रमच त्या नावाचा होता, त्यामुळे जिल्ह्यात कुठेही 'आम्ही तेजस्विनीच्या' म्हटलं की लोक तो कार्यक्रम समजायचे. हाच मुद्दा एका तरुण वहिनीने 'लाडक्या बहिणी' असं नाव सुचवलं तेव्हा कामी आला. हसून हसून पोट दुखलं, पण तिला खरंच ते गोड वाटत होतं. ताईने एवढंच सांगितलं की सरकारी योजनेचं नाव घेतलं तर ती योजना असेपर्यंत ते नाव तिचं, आणि ती बदलली की ते जुनं. 'स्वाभिमानी' हे नावही माझ्या मनात होतं. पण ते ऐकलं की आमच्याकडे शेतकरी संघटना आणि तिचा पक्ष आठवतो. गट निवडणुकीत कुणाच्या बाजूचा, ही चर्चा आम्हाला पहिल्या दिवसापासून नको होती.

त्याच बैठकीत ज्यांची ओसरी होती त्या घरचे भाऊजी बाहेरून आत आले. त्यांना गावातल्या कामांची माहिती असते, हे खरं. ते म्हणाले, "अहो, यात तीन बाया एकट्या हायत. 'निराधार महिला गट' असं नाव द्या. फाईल पटकन हलती." त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमच्यात दोन विधवा आहेत आणि एकीला नवऱ्याने टाकलेली आहे. मी त्या तिघींकडे बघायचं टाळलं. त्यांतली एक, जी कधीच बोलत नाही, ती म्हणाली, "भावजी, संजय गांधी निराधारच्या फारमावर मी निराधार म्हणून सही करती. पगार येतो म्हणून करती. हितं दर आठवड्याला पैसं मी टाकणार, मग हितं बी निराधार कशापायी?"

भाऊजी "बरं बरं" म्हणून निघून गेले. मला मात्र गावातला एक जुना गट आठवला. १९९९ नंतर स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या बायकांचा तो झाला होता. त्याला कागदावर चांगलं नाव होतं, पण गाव त्याला 'दारिद्र्यवाल्यांचा गट' म्हणायचं आणि अजून म्हणतं. त्यातल्या एका बाईची मुलगी माझ्या वर्गात होती. आई कुठे गेली असं कुणी विचारलं तर ती 'मीटिंगला' एवढंच सांगायची, गटाला म्हणायची नाही. म्हणजे आपण नाव ठरवलं तरी गाव आपलं वेगळं नाव ठेवतं, हा धोका राहतोच. नाव लहान आणि बोलताना सोपं असेल तर गाव तेच उचलतं, लांबलचक असेल तर गाव आपल्या सोयीने दुसरं पाडतं. 'क्रांतिज्योती ज्ञानदीप महिला' वगैरे म्हणायला कुणाला वेळ आहे? म्हणून तीन-चार अक्षरांत बसेल असं नाव शोधायचं ठरलं.

रणरागिणी, दुर्गा, वाघिणी हीही नावं आली. त्यावर एक जण म्हणाली, "रोज सकाळी उठून कुणाशी भांडायचं हाय?" मुद्दा बरोबर होता. आमच्यातल्या बऱ्याच जणींना घरच्यांची परवानगी काढून बैठकीला यायचं होतं. सासऱ्यांना 'रणरागिणी गटात चालले' असं सांगणं जरा अवघडच.

जे नाव पुढे ठरलं ते नाव म्हणून कुणी सुचवलंच नव्हतं. कोषाध्यक्ष कोण, हा विषय निघाला होता. पैसे ज्यांच्याकडे राहणार त्यांच्यावर विश्वास हवा. एक जण म्हणाली, "आक्कास्नी करा. लिहाय-वाचाय येत नसलं म्हणून काय झालं, बाई खंबीर हाय. दुष्काळात समदी गुरं चारा-छावणीत नेऊन एकटीनं जगवली." आक्का म्हणाल्या, "मी एकटीच व्हय खंबीर? हितं बसलेली कोण न्हाय?" ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर 'खंबीर' लिहून घेतलं. (आक्का कोषाध्यक्ष झाल्याच. सही शिकल्या, हिशेब तर त्यांना तोंडीच येतो.)

शेवटी तीन नावं राहिली: खंबीर, माणगंगा आणि एकी. माणगंगा मला फार आवडलं होतं, आपल्या नदीचं नाव. पण आटपाडीकडे त्या नावाचा साखर कारखाना आहे, आणि एकीने टोमणाही मारला की ही नदी वर्षातले बरेच महिने कोरडीच असते. 'माणदेशी' हे नाव चर्चेला आलं नाही असं नाही. पण म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून आहे आणि बायकांच्या बचतीच्या संदर्भात ते नाव घेतलं की लोकांना तीच आठवते. दुसऱ्याने कमावलेलं नाव आपण लावून फिरायचं, हे बरं दिसलं नसतं.

'खंबीर'ला हरकत घेणाऱ्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: उद्या कर्ज थकलं तर लोक म्हणतील, कसला खंबीर गट, बुडाला की. यावर बराच वेळ गेला. 'प्रगती' गट थकला तरी लोक हसतातच, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, हसतील या भीतीने हप्ता वेळेवर भरला गेला तर चांगलंच की. मला यातलं दुसरं पटलं. नावाने थोडं दडपण यावं, पण खोटी बढाई वाटू नये, एवढं बघायला हवं. 'खंबीर'मध्ये आम्ही श्रीमंत आहोत, शिकलेल्या आहोत, जिंकलो आहोत, असा दावा नाही. टिकून राहू, एवढाच आहे, आणि तेवढं आम्ही सगळ्यांनी आधीच करून दाखवलं होतं.

हात वर करून मत घ्यायचं नाही, असं ताईने ठरवून टाकलं होतं. आमच्यात एका घरच्या सासू-सुना दोघी आहेत आणि एक जण अध्यक्ष होणार हे सगळ्यांना माहीत होतं. हात वर करायचा म्हटलं की आधी त्यांच्याकडे बघितलं जातं. म्हणून आतल्या खोलीत तीन वाट्या ठेवल्या, प्रत्येकीला एक चिंचोका दिला. वाट्यांवर कागद लावून उपयोग नव्हता, सगळ्यांना वाचता येत नाही. म्हणून खंबीरच्या वाटीत खडा, माणगंगेच्या वाटीत थोडं पाणी आणि एकीच्या वाटीत दोरा ठेवला. खंबीरला सहा, माणगंगेला चार, एकीला एक. सहा म्हणजे जेमतेम निम्म्याहून जास्त. ताईने तिथे थांबू दिलं नाही. माणगंगेला मत दिलेल्यांनी स्वतःहून सांगावं, अशी सक्ती न करता ती म्हणाली, "खंबीर म्हणताना कुणाला कसंतरी वाटतं का? नुसतं आवडलं नाही हे वेगळं, म्हणायला नको वाटतं हे वेगळं." कुणालाच नको वाटत नव्हतं. मग एकमताने ठराव झाला.

ठराव मी असा लिहिला: "आज रोजीच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, समूहाचे नाव 'खंबीर महिला स्वयंसहाय्यता समूह' असे ठेवण्यात यावे व याच नावाने बँकेत बचत खाते उघडण्यात यावे. खात्याचा व्यवहार अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने करण्यात यावा." खाली गावाचं नाव, तालुका, सूचक, अनुमोदक, आणि अकराही जणींच्या सह्या किंवा अंगठे. यात ताईने एक दुरुस्ती केली. मी आधी 'बचत गट' लिहिलं होतं. बोलताना आम्ही गटच म्हणतो, पण अभियानाच्या कागदांवर 'स्वयंसहाय्यता समूह' असतं. एका कागदावर गट आणि दुसऱ्यावर समूह असं झालं की पुढे निधी खात्यात येताना अडतो. सगळीकडे एकच, अक्षरानक्षर.

यापुढचं काम रूक्ष आहे, पण बहुतेक गटांचं नाव इथेच बिघडतं. बँकेत नाव इंग्रजीत चढतं. ताईने मोबाइलवर एका जुन्या गटाच्या पासबुकाचा फोटो दाखवला. त्यावर KRANTIJYOTI SAVITRIBAI PHULE MAHI एवढंच छापलं होतं, पुढचं जागा नसल्याने गळालं होतं. आमच्या नावातलं 'खंबीर महिला' एवढं लहान आणि सुरुवातीलाच असल्याने ते तरी गळणार नव्हतं. पण खंबीर इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं. म्हणून ठरावाखालीच मी मोठ्या अक्षरांत KHAMBIR MAHILA SWAYAM SAHAYATA SAMUH असं लिहून ठेवलं, आणि बँकेच्या अर्जावर तेच. बँकेच्या अर्जावर पदाधिकाऱ्यांचे शिक्के लागतात, म्हणून शिक्के आधी करायला टाकावे लागतात. दुकानदाराने नमुना कागदावर काढून दिला, तो तिघींनी अक्षर-अक्षर लावून वाचला आणि मगच रबर कापायला सांगितलं. 'स्वयंसहाय्यता' हा शब्द शिक्क्यांवर किती तऱ्हांनी चुकलेला असतो ते बघायचं असेल तर कुठल्याही ग्रामसंघाच्या बैठकीत चार शिक्के तपासा.

बँकेत कर्मचाऱ्याने टाइप करताना KHAMBHIR केलं. आक्कांना इंग्रजी येत नाही, पण त्या माझ्या मागून म्हणाल्या, "आपल्या कागदावर एवढी अक्षरं हायत का गं?" मी मोजलं, एक जास्त होतं. पासबुक छापायच्या आधीच दुरुस्त झालं. छापून खात्याला लागलं असतं तर नवा ठराव, दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा सगळ्यांच्या सह्या, आणि तोवर अभियानाच्या अॅपवर गटाची नोंद अडकलेली.

कर्मचाऱ्याने विचारलं, "खंबीर? असं नाव पहिल्यांदाच आलंय." आक्का म्हणाल्या, "मग ध्यानात राहील तुमच्या."

गावाने नाव लगेच उचललं. पहिले काही दिवस चेष्टाच होती. पाण्याच्या टाकीजवळ मुलं "खंबीर आली, खंबीर आली" करायची. एका सदस्याचा नवरा तिला भांडणात "लई खंबीर झालीस" म्हणायला लागला, ते तिने बैठकीत हसत सांगितलं, पण आम्ही सगळ्या काही हसलो नाही. ग्रामसंघाच्या पहिल्या बैठकीत आमची प्रतिनिधी म्हणून जिने 'निराधार' नको म्हटलं होतं तीच गेली. तिने उभं राहून स्वतःचं नाव आणि समूहाचं नाव सांगितलं, हे मला ताईकडून कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की. त्यात काय?"

आता नवा प्रश्न पडला आहे. गटाने कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड विकायला सुरुवात केली. पाकिटावर गटाचं नाव मोठ्या अक्षरांत टाकायचं असा सगळ्यांचा हट्ट होता. चटणीला कुणाची हरकत नव्हती, 'खंबीर चटणी' म्हणजे झणझणीत असणार असं लोक समजून घेतील. पण पापडाचं नाव निघालं आणि आक्कांनी कपाळाला हात लावला. "खंबीर पापड? घेणाऱ्याचं दात पडतील म्हणून कोण हात लावायचं न्हाय." तेव्हा पाकिटावर वर मोठ्याने फक्त 'ज्वारीचे पापड' आणि खाली उत्पादक म्हणून समूहाचं पूर्ण नाव. ते अन्न परवान्यावर आहे तसंच, अक्षरानक्षर, पहिल्या पाकिटाच्या नमुन्यावर मी आणि आक्कांनी दोनदा मोजून बघितलं.